‘फक्त मराठी’ 10 की 20?

प्रश्न: इंदूरच्या 150 मराठी लोकांचा वाचनाचा सर्व्हे. मराठी वाचणारे 70, हिंदी 95, इंग्रजी 40. मराठी-हिंदी दोन्ही 45, हिंदी-इंग्रजी दोन्ही 25, मराठी-इंग्रजी दोन्ही 15, तिन्ही 10, काहीच न वाचणारे 20. फक्त एकच भाषा वाचणारे किती? मी 35 काढले, माझ्या सगळ्या भागांची बेरीज 130 बरोबर जुळते, तरी उत्तरसूचीत 65 छापलंय. छपाईची चूक आहे का?

उत्तर:

छपाई बरोबर आहे, उत्तर 65 च. तुमची बेरीज जुळली म्हणूनच हे उत्तर लिहायला बसलो. ‘एकूण बेरीज करून ताळा घ्या, जुळली म्हणजे सुटलं’ असं वर्गावर्गांत सांगितलं जातं आणि माझा त्याला पहिल्यापासून विरोध आहे. ज्या चुकीसाठी हा ताळा घ्यायचा, नेमकी तीच त्याला दिसत नाही.

तुम्ही 70 मधून 45 आणि 15 वजा करून ‘फक्त मराठी’ 10 आणले असणार. आता त्या 70 मधल्या एकाच व्यक्तीकडे बघा. समजा राजवाड्याजवळ राहणाऱ्या एक काकू आहेत. सकाळी हिंदी पेपर, दुपारी मराठी मासिक, संध्याकाळी नातवासोबत इंग्रजी गोष्टींचं पुस्तक. त्या तिन्ही वाचतात, म्हणजे मराठी-हिंदीच्या 45 मध्ये आहेत आणि मराठी-इंग्रजीच्या 15 मध्येही आहेत. 70 मध्ये त्या एकदाच मोजल्या होत्या, तुम्ही त्यांना दोनदा बाहेर काढलं. अशी माणसं 10 आहेत, म्हणून तुमचा आकडा बरोबर 10 ने कमी आला. हिंदीत आणि इंग्रजीतही हेच झालं, म्हणून 65 ऐवजी 35, म्हणजे 30 ची तूट.

मग वेन आकृती, म्हणजे तीन भाषांची एकमेकांत शिरलेली तीन वर्तुळं, भरायची कशी? मधून बाहेर. आधी तिन्ही वर्तुळांच्या मधल्या तुकड्यात 10 लिहा. मग दोन-दोन वर्तुळांच्या पाकळ्या घ्या. मराठी-हिंदीची अख्खी पाकळी 45 ची, त्यातले 10 मधल्या तुकड्यात बसलेच आहेत, उरले 35. हिंदी-इंग्रजीत 25 चे 15 राहतात, मराठी-इंग्रजीत 15 चे 5. त्यानंतरच कडेच्या भागांना हात लावायचा. मराठीच्या वर्तुळात 35, 5 आणि 10 असे 50 भरून झाले, म्हणून फक्त मराठी 70 − 50 = 20. हिंदीत 35, 15 आणि 10 मिळून 60, म्हणून फक्त हिंदी 35. इंग्रजीत 15, 5 आणि 10 मिळून 30, म्हणून फक्त इंग्रजी 10. तिघांची बेरीज 65.

आता तो ताळा. तुमचे एकेरी भाग 10, 25 आणि 0, त्यात पाकळ्यांचे 45, 25, 15 आणि मधले 10 मिळवले की 130. माझे 65, पाकळ्यांचे 35, 15, 5 आणि मधले 10, तेही 130. दोन्ही जुळतात! कारण काकूंना तुम्ही एकेरी भागांत प्रत्येक भाषेतून एकेकदा जास्त वजा केलंत, एकूण तीनदा. आणि पाकळ्यांत पूर्ण 45, 25, 15 लिहिताना त्यांना तीनदा जास्त धरलंत. उणे तीन, अधिक तीन. ही चूक केली की हे दर वेळी होणारच, आकडे कोणतेही असोत.

म्हणून ताळा वर्तुळावर्तुळाने घ्या. तुमच्या मराठी वर्तुळातले चार भाग मिळवा: 10 + 45 + 15 + 10 = 80. सर्व्हे म्हणतो 70. चूक तिथेच उघडी पडते. तीन छोट्या बेरजा आहेत, अर्धं मिनिट लागतं. ‘एवढा वेळ परीक्षेत कुठे असतो’ हे मी फार वेळा ऐकलंय. 35 लिहून गुण घालवायला वेळ असतो, तर याला का नसावा?

सूत्र हवं असेल तर तेही आहे: 205 − 2 × 85 + 3 × 10 = 65. इथे 205 म्हणजे 70, 95, 40 ची बेरीज आणि 85 म्हणजे 45, 25, 15 ची. दोन भाषा वाचणारा 205 मध्ये दोनदा आणि 85 मध्ये एकदा येतो, तेव्हा दुप्पट वजा केलं की तो शून्य होतो. काकू 205 मध्ये तीनदा आणि 85 मध्येही तीनदा. 3 − 6 + 3, म्हणजे त्याही शून्य. फक्त एकच भाषा वाचणारे तेवढे शिल्लक राहतात. सूत्र खरं आहे, पण नुसतं पाठ करणारे त्याची गल्लत 205 − 85 + 10 शी करतात. त्याने 130 येतात, आणि ते ‘किमान एक’ वाचणारे आहेत. शिवाय फक्त मराठी किती, फक्त हिंदी किती, हे सूत्र सांगत नाही. आकृती सांगते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. हे सगळं ‘दोन्ही वाचणारे 45’ यात तिन्ही वाचणारेही आले असं धरून आहे. प्रश्नात ‘मराठी आणि हिंदी याच दोन’ असं असतं, तर 45 जसेच्या तसे पाकळीत बसले असते. आपल्या भाषेत सगळी भानगड त्या ‘च’ ची आहे. तुमच्या आकड्यांवर तो अर्थ लावून बघा: इंग्रजीच्या 40 मधून 25, 15 आणि 10 गेले की उरतात उणे 10. माणसं उणे नसतात, म्हणजे तो अर्थ इथे लागत नाही. हा उणे आकडा दर वेळी येईलच असं नाही. पण हा घोटाळा मात्र एकूण बेरजेत सापडतो, कारण त्या अर्थाने 130 ऐवजी 100 येतात. तेवढ्यापुरता तो ताळा कामाचा आहे, हे मान्य. आकृती छापून आलेली असेल तर आकडा तुकड्याच्या आत लिहिलाय की वर्तुळाबाहेर, नावाशेजारी, ते बघा. आतला आकडा त्या तुकड्याचाच, नावाशेजारचा अख्ख्या वर्तुळाचा.

आणि सर्व्हे तुम्ही स्वतः गूगल फॉर्मवर घेतला असेल, तर वजाबाकी करूच नका. चौकोनांत खुणा करायचा प्रश्न असला की एका माणसाची सगळी उत्तरं शीटच्या एकाच खान्यात स्वल्पविराम देऊन येतात. उत्तरं B स्तंभात असतील तर:

```
=COUNTIF(B2:B151,"*मराठी*")
=COUNTIF(B2:B151,"मराठी")
```

पहिल्याने 70 येतील, दुसऱ्याने 20. तारे काढले की खान्यात नुसतं ‘मराठी’ असलेलेच मोजले जातात. पर्याय फॉर्ममध्ये जसा लिहिला असेल तसाच इथे लिहायचा. ‘मराठी भाषा’ असा पर्याय असेल तर दुसरी ओळ शून्य देईल.

टक्केवारी काढाल तेव्हा कशावर काढली ते लिहा. 65 म्हणजे 150 जणांत 43.3 टक्के, आणि काहीतरी वाचणाऱ्या 130 जणांत पूर्ण 50 टक्के.