‘डिअर’ला घाबरू नका, आडनाव तपासा

प्रश्न: नाशिकला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी असिस्टंट प्रोफेसर, एचओडी आणि बाहेरच्या एका प्रोफेसरांना इंग्रजीत मेल करायचेत. सुरुवातीला आणि शेवटी काय लिहू? सगळ्यांना ‘रिस्पेक्टेड सर’ चालेल का?

आपल्या कॉलेजात चालेल, बाहेर नको. आणि ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ अशी तिरकी रेघ मारून तर मुळीच नको. एकच मेल दहा जणांना धाडलाय, एवढंच त्यातून कळतं.

‘डिअर’ लिहायला मुलं बिचकतात, आणि त्याला आमच्यातलेच काही ज्येष्ठ जबाबदार आहेत. त्यांच्याशी माझा हा वाद जुना आहे. त्यांचं म्हणणं, डिअर म्हणजे प्रिय, मग गुरुजनांना प्रिय कसं म्हणायचं? मराठीपुरतं ते बरोबर आहे. आपल्याकडे वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, थोरांना सा.न.वि.वि.; मायन्यातच नातं ठरतं. इंग्रजी पत्रातल्या डिअरमध्ये ना माया ना सलगी. थकलेल्या बिलाची नोटीससुद्धा त्यानेच सुरू होते. मान राखायचं काम तिथे डिअरच्या पुढे येणारी पदवी आणि आडनाव करतं, आणि मुलं नेमकी तिथेच घसरतात.

समजा विभागाच्या यादीत नाव आहे ‘पाटील सुनीता रमेश’, हुद्दा असिस्टंट प्रोफेसर, शिक्षण एम.एस्सी., सेट. यावर मेल येतो ‘डिअर डॉ. रमेश’. तीन शब्दांत दोन चुका. आपल्याकडच्या बऱ्याच याद्यांत आणि गुणपत्रिकांत आडनाव आधी येतं, पण लिहिणाऱ्याने शेवटचा शब्द आडनाव समजून मॅडमना थेट वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाने हाक मारली. दुसरी चूक डॉक्टरकीची. नेट-सेटवरही असिस्टंट प्रोफेसर होता येतं, पीएच.डी. असेलच असं नाही. नसलेली पदवी लावली की समोरच्याला ‘मी अजून डॉक्टर नाही’ असं कळवायची वेळ येते, आणि ज्यांचा प्रबंध रखडलाय त्यांना ते झोंबतं.

म्हणून शिक्षणाचा रकाना वाचा. पीएच.डी. दिसली तर ‘डिअर डॉ. पाटील’, नाही दिसली तर ‘डिअर प्रोफेसर पाटील’. आपण मराठीत ‘प्रा.’ सगळ्यांनाच लावतो, तसंच हे इथे असिस्टंट, असोसिएट आणि प्रोफेसर अशा तिघांनाही चालतं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनाही तेच लिहा. हुद्दा मात्र पूर्ण लिहू नका. ‘डिअर असिस्टंट प्रोफेसर पाटील’ म्हणजे बढती झाली नसल्याची आठवण करून देणं. एचओडी ही जबाबदारी आहे, पदवी नाही, तेव्हा त्यांनाही नावानेच. ‘मिसेस’ कधीच नको.

बाहेरचे प्रोफेसर अमेरिकेतले असतील तर तिथेही तिन्ही हुद्द्यांना प्रोफेसर म्हटलेलं खपतं. ब्रिटनमध्ये प्रोफेसर हा सगळ्यात वरचा हुद्दा, तिथल्या पीएच.डी. झालेल्या लेक्चररला ‘डॉ.’च लिहायचं.

शेवट मायन्याला जुळला पाहिजे. ब्रिटिश रिवाजात वर नाव असेल तर खाली ‘युवर्स सिन्सिअरली’, आणि नाव माहीत नसून ‘डिअर सर ऑर मॅडम’ लिहिलं असेल तर ‘युवर्स फेथफुली’. ‘युवर्स’मध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी नसते आणि दुसरा शब्द लहान अक्षराने सुरू होतो, या दोन चुका मी दर आठवड्याला लाल करतो. ‘युवर्स ओबीडियंटली’ शाळेतल्या रजेच्या अर्जापुरतं ठीक होतं. उत्तरं यायला लागली की नुसतं ‘रिगार्ड्स’ पुरे. परदेशी प्रोफेसरांनी खाली फक्त पहिलं नाव लिहिलं, तर पुढच्या मेलला त्या नावाने लिहिलेलं बहुधा चालतं. इथल्या पाटील मॅडमनी ‘सुनीता’ अशी सही केली तरी ‘डिअर सुनीता’ लिहायचं धाडस करू नका.

प्राचार्यांचं वेगळं. तो मेल नसून अर्जच असतो, मराठीत ‘मा. प्राचार्य महोदय’ आणि खाली ‘आपला विश्वासू’. आणि हो, तुमच्या गाइडना ‘रिस्पेक्टेड’च आवडत असेल तर मुकाट्याने तेच लिहा. प्रोजेक्टवर सही त्यांची लागणार आहे, माझी नाही.

तुमच्या नावाचंही बघा. सहीत नाव आधी, आडनाव नंतर, खाली वर्ग, विषय आणि कॉलेज. जीमेलच्या सेटिंगमध्ये तुम्ही गुणपत्रिकेसारखं ‘जाधव ओंकार संजय’ भरून ठेवलं असेल, तर बाहेरून उत्तर ‘डिअर जाधव’ असंच येणार.