आठवड्याचं माप: टेप नेमकी कुठे, काटा नेमका कुठे

प्रश्न : दर रविवारी सकाळी कंबर मोजते. चार आठवड्यांत ८८, ८६, ८९, ८७ सेंमी असे आकडे आले. कपडे मात्र होते तसेच बसतात. माझं काय चुकतंय?

टेप दर वेळी वेगळ्या उंचीवर बसतेय. पोटाचा घेर दोन बोटं वर-खाली झालं तरी बदलतो, आणि ‘कंबर’ म्हणजे कुठे हे नजरेनं ठरवलं तर दोन-तीन सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून जागा हाडांवरून ठरवा, ती हलत नाही.

सरळ उभं राहून काखेच्या मध्यातून खाली बोट फिरवा आणि शेवटच्या बरगडीची खालची कड शोधा. मग त्याच रेषेत खाली कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. दोन्ही ठिकाणी पेनानं छोटी खूण करा. समजा, मधलं अंतर ९ सेंमी आहे. मग बरगडीपासून साडेचार सेंमीवर तुमची जागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीतही हाच मध्यबिंदू धरतात. दुसऱ्या बाजूलाही खूण करा. बरगडीची कड नीट लागत नसेल, तर दीर्घ श्वास घेतल्यावर ती हाताला चटकन जाणवते. खूण मात्र श्वास सोडल्यावरच करा.

बेंबीची खूण सोपी वाटते, पण पोट सुटलेलं असेल तर बेंबी खाली उतरते आणि वजन बदललं की तिची जागाही बदलते. पँटचा कंबरेचा नंबरही इथे उपयोगाचा नाही, कारण पँट बहुधा या जागेच्या खालीच बसते.

आता टेप दोन्ही खुणांवरून गुंडाळा आणि आरशात बाजूनं बघा. एकट्यानं मोजताना पाठीमागची टेप हमखास खाली घसरते. ती जमिनीला समांतर हवी. पावलं जवळ, वजन दोन्ही पायांवर सारखं, हात सैल. नेहमीसारखा श्वास सोडा आणि तो संपतो त्या क्षणी आकडा वाचा. आकडा बघायला वाकलात तर पोटाला घडी पडते, म्हणून टेप बोटांनी चिमटीत धरून ठेवा, काढा आणि मग वाचा.

टेप पूर्ण काढून माप पुन्हा घ्या. पहिल्यांदा ८७.२ आणि नंतर ८७.८ आलं, तर सरासरी ८७.५ लिहा. दोन मापांत १ सेंमीपेक्षा जास्त फरक आला, तर दोन्ही सोडून द्या आणि जागा तपासून पुन्हा दोनदा मोजा. असं केल्यावर तुमची दोन मापं साधारण किती जुळतात ते चार आठवड्यांत कळेल. आठवड्याचा बदल त्या फरकाहून लहान असेल, तर त्याला बदल म्हणू नका.

प्रश्न : आईची शिवणकामाची जुनी टेप आहे, ती चालेल का? आणि टेप किती घट्ट धरायची? मी आत एक बोट ठेवतो.

चालेल, पण आधी तपासा. टेप ताण न देता टेबलावर सपाट पसरा आणि स्टीलच्या पट्टीशी ० ते ३०, ३० ते ६०, ६० ते ९० असे तुकडे जुळवून बघा. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, मग तिच्या खुणा एकमेकींपासून लांब जातात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. ९० ची खूण खरोखर ९१ सेंमीवर गेली असेल, तर ९१ ची कंबर ९० दिसेल. दर महिन्याला आणखी ताणली जाणारी टेप न झालेली घट दाखवत राहते, हे जास्त वाईट. सुरुवातीचंही बघा: शून्य धातूच्या टोकाच्या कडेपासून धरलंय की त्याच्या पुढून? टेप ताणलेली निघाली तर नवी, न ताणली जाणारी आणा आणि मापं त्या दिवसापासून नव्यानं सुरू करा. जुन्या आकड्यांशी ती जोडू नका.

आतलं बोट काढा. बोटाची जाडी मापात मिसळते आणि ते दर वेळी सारखं दबत नाही. त्याऐवजी टेप त्वचेत किंचित रुतेपर्यंत ओढा, मग रुतलेली रेघ जाईपर्यंत सैल करा. टेप सगळीकडे त्वचेला टेकली पाहिजे, पण कुठेही खड्डा पडता कामा नये. माप कपड्यांवरून नको, उघड्या अंगावर घ्या. एका आठवड्यात तुम्ही आणि पुढच्या आठवड्यात घरातलं दुसरं कुणी, असंही करू नका. प्रत्येकाचा हात वेगळा ओढतो.

प्रश्न : बाथरूममधल्या डिजिटल काट्यावर लागोपाठ तीनदा उभा राहिलो तर तोच आकडा येतो. काटा हॉलमध्ये नेला की ७०० ग्रॅमचा फरक पडतो. खरा कुठला?

बाथरूमचा आकडा धरू नका. आपल्याकडे बाथरूमच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो. काट्याच्या चार पायांत भार मोजणारे संवेदक असतात. एक पाय अधांतरी राहिला किंवा काटा कलला तर भार नीट मोजला जात नाही. गालिचा, पायपुसणं आणि चटई यांवरही तीच गत. काटा सपाट लादीवर ठेवा, कोपऱ्यांवर आळीपाळीनं दाबून तो डुगडुगत नाही ना ते बघा आणि त्याच्या चारही कोपऱ्यांच्या जागी खुणा करा. हलवल्यावर एकदा पायानं दाबून सोडा, शून्य दिसू द्या आणि मगच उभे राहा.

लागोपाठ तोच आकडा येणं हा अचूकपणाचा पुरावा नाही. काही घरगुती काटे नवं वजन मागच्याच्या अगदी जवळ असेल तर मागचाच आकडा पुन्हा दाखवतात. तपासायला वजन करा, उतरा, २०० मिली पाण्याचा प्लास्टिकचा ग्लास हातात घेऊन पुन्हा चढा. आकडा साधारण २०० ग्रॅमनी वाढायला हवा. तसाच राहिला, तर काटा आठवणीतला आकडा सांगतोय. अशा काट्यावर दोन मोजणींच्या मध्ये तांदळाची पिशवी किंवा दुसरं मोठं वजन ठेवून घ्या.

प्रश्न : दर सोमवारी वजन करते. मध्ये उपवास आला की कमी, रविवारी बाहेर जेवण झालं की जास्त. कुठला वार धरू?

एकही नको, सात दिवसांची सरासरी धरा. रोज उठल्यावर, शौच-लघवी झाल्यावर, चहा-पाण्याआधी, त्याच हलक्या कपड्यांत. अर्धा लिटर पाणी प्यायलात की काटा लगेच अर्धा किलो जास्त दाखवतो. खारट जेवणानंतर शरीर पाणी धरून ठेवतं, उपवासात पोटातलं अन्न आणि पाणी घटतं. यात चरबीचा संबंध फारच थोडा.

उदाहरण बघा. पहिला आठवडा : ६८.४, ६८.१, ६८.९, ६८.३, ६७.९, ६८.२, ६८.५, सरासरी ६८.३. दुसरा : ६८.०, ६८.६, ६८.२, ६७.८, ६७.९, ६८.१, ६७.७, सरासरी ६८.०. म्हणजे साधारण ३०० ग्रॅमची घट. आता फक्त दुसरा वार धरला असता तर ६८.१ वरून ६८.६, म्हणजे अर्धा किलो वाढ दिसली असती. पाचवा धरला असता तर काहीच बदल नाही.

रोज जमत नसेल तर आठवड्यातले तेच तीन वार ठरवा आणि त्यांची सरासरी काढा. पाळीच्या आधी काहींच्या अंगात पाणी साठतं, त्यामुळे त्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करा. पावलांना सूज येऊन दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं, तर मात्र सरासरीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : व्यायामानंतर दंड अर्धा इंच मोठा दिसतो, दुसऱ्या दिवशी नाही. कुठलं माप लिहू?

दुसऱ्या दिवशी सकाळचं, व्यायामाआधीचं. व्यायामानं स्नायूंकडे रक्त ओढलं जातं, ती फुगवट काही वेळात उतरते. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याच्या मध्यावर खूण करा. मग हात सैल सोडून घेर घ्या. अंतर ३६ सेंमी असेल तर वहीत ‘उजवा दंड, कोपरापासून १८’ असं लिहून ठेवा. दर वेळी तोच हात, तेच १८.