शेंगा चटणीचं पाकीट
ताई, शेंगा चटणीचं पाकीट पूर्ण पारदर्शक घेऊ नका. माझं तसंच होतं. खडेबाजारातल्या दुकानात महिनाभरात तेल सुटून आतून डाग पडले, उजेडानं चटणी खवट झाली. चटणी तांबूस, म्हणून पाकीट पिवळं करा. लालमध्ये ती हरवते. आतला माल दिसायला बोटभर खिडकी मागच्या बाजूला पुरे. तळ पसरणारं, स्वतः उभं राहणारं पाकीट घ्या, आडवं पडलं की नाव दिसत नाही. नाव कन्नड-मराठी दोन्हींत ठळक लिहा, पण घटक, तारीख वगैरे सक्तीचा मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत लागतोच. छापण्याआधी नमुना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फळीवर ठेवून सहा फुटांवरून वाचून बघा.