सोलर पॅनेलचं लेबल कसं वाचायचं?

ठाण्यात गच्चीवर बसवायच्या पॅनेलच्या लेबलचा फोटो आलाय: Pmax 540 W, 2278 × 1134 mm. एफिशियन्सी दिसत नाही. घ्यावं का?

एफिशियन्सी लेबलवर बहुधा नसतेच, ती काढावी लागते. पॅनेलचं क्षेत्रफळ साधारण 2.58 चौरस मीटर. चाचणीत दर चौरस मीटरला 1000 वॅट प्रकाश धरतात, म्हणून 540 भागिले 2580, म्हणजे जवळपास 21 टक्के. चांगली आहे.

मात्र हे 540 वॅट सेल 25 अंशांवर असतानाचे. लेबलवरचं STC म्हणजे तेच. ठाण्याच्या उन्हात सेल सहज 60 अंशांवर जातात. दर अंशाला 0.35 टक्के घट धरली, तर भर दुपारीही 475 वॅटच्या आसपासच. (नेमकी घट डेटाशीटमध्ये असते, ती मागाच.)

घ्यायला हरकत नाही, फक्त पाण्याच्या टाकीची सावली पडणार नाही अशी जागा हवी. सरकारी सबसिडी घेणार असाल तर पॅनेल DCR, म्हणजे सेलसकट भारतातच बनवलेलं, आहे का, तेही लेखी घ्या.