पाकिटामागे अठ्ठावीस रुपये

"मॅडम, आम्ही बीबीएच्या दुसऱ्या वर्षाची तिघं. नाचणीच्या लाडवांच्या पाकिटांचा बिझनेस प्लॅन घेऊन गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरलो आणि पहिल्याच फेरीत बाद झालो. स्लाइड सुंदर होत्या, बोललोही छान. यंदा पुन्हा उतरतोय. परीक्षक नेमकं बघतात काय?"

तिघांना मी जुनी फाइल घेऊन बोलावलं. पहिल्या पानावरच होतं : शहरात 40 लाख लोक, त्यातल्या फक्त 1 टक्क्याने महिन्याला एक पाकीट घेतलं तरी 40,000 पाकिटं. मी स्वतः काही वर्षं अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले आहे. हा 'फक्त 1 टक्का' दर दुसऱ्या फाइलमध्ये भेटतो आणि तिथेच हातातलं पेन खाली ठेवलं जातं. तो टक्का कुठल्या दुकानातून, कोणाच्या हातून घेणार, हे त्यात कुठेच नसतं. पुढच्या पानावर गूगल फॉर्मचा निकाल होता : जवळजवळ सगळे 'हो, घेऊ' म्हणालेले. भरणारे कोण? वर्गातली मुलं. पैसे किती जणांनी दिले? कोणीच नाही.

खरी गंमत हिशेबाच्या पानावर होती. पाकिटाची किंमत 50 रुपये, कच्चा माल 18, पॅकिंग 4, म्हणून नफा 28. महिन्याचं भाडं आणि एका मदतनिसाचा पगार मिळून 14,000. म्हणजे 500 पाकिटं विकली की खर्च निघाला. मी म्हटलं, "लाडू वळणार कोण?" उत्तर आलं, "आम्हीच." परीक्षेच्या आठवड्यात? तिघंही गप्प.

स्लाइडना हात लावायचा नाही, असं सांगून त्यांना 60 पाकिटं घेऊन कॉलेजच्या कॅन्टीनवाल्याकडे आणि आसपासच्या किराणा दुकानांत पाठवलं. चार दिवसांनी चेहरे पडलेले. दुकानदाराला छापील किमतीवर 20 टक्के, म्हणजे 10 रुपये हवे होते. त्यातही "विकलं तर पैसे, नाही तर माल परत", आणि विकलेल्याचे पैसे महिन्याने. मग नव्याने मांडलं. पन्नासातले दहा दुकानदाराचे, हातात चाळीस. त्यातून माल 18, पॅकिंग 4, लाडू वळणाऱ्या बाईंची मजुरी 6, पोचवणं 3, परत आलेल्या आणि खवट झालेल्या मालापोटी 2. उरले सात. 14,000 भागिले 7, म्हणजे महिन्याला 2,000 पाकिटं, विक्रीचे पंचवीस दिवस धरले तर रोज 80. आणि बारा दुकानांत रोज पाच-पाच खपली तरी होतात साठच.

याहून मोठा खड्डा उधारीचा. पहिल्या महिन्यात 2,000 पाकिटांना 33 रुपयांप्रमाणे 66,000 आणि वरचे 14,000, असे 80,000 बाहेर गेल्यावर पहिला रुपया घरात येणार. भांडवल म्हणून फाइलमध्ये मागितले होते 50,000. कागदावर नफा असतानाच पहिल्या महिन्यात गल्ला रिकामा. विद्यार्थ्यांच्या फाइलींत नफा-तोट्याचा तक्ता असतो. पैसा कुठल्या महिन्यात येतो आणि कुठल्या महिन्यात जातो, हा तक्ता क्वचितच. परीक्षकांमध्ये एखादा उद्योजक किंवा बँकेतला माणूस असला, तर तो आधी तेच पान शोधतो.

"मग लाडू सोडून ॲप करू का?" एकाने विचारलं. (हेही दर वर्षी होतं.) मी म्हटलं, लाडवाने काही बिघडवलेलं नाही, बिघडवलंय दुकानाने. दुकान वगळून बघा. त्यांच्यातली मुलगी वसतिगृहात राहायची. तिने मैत्रिणींकडून आठवड्याचे पैसे आगाऊ घेऊन पाकिटं द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात 22 जणींनी घेतली, दुसऱ्यात त्यातल्या 15 जणींनी पुन्हा. मी त्यांना 22पेक्षा 15 हा आकडा मोठ्या अक्षरात लिहायला लावला. नवलाई म्हणून कोणीही एकदा घेतं. दुकानदाराचे दहा वाचल्यावर पाकिटामागे 17 उरू लागले. 14,000 भागिले 17, साधारण 825 पाकिटं. उधारी नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी मागच्या रांगेत होते. सादरीकरण गेल्या वर्षीपेक्षा साधं, थोडं अडखळतच. एका परीक्षकांनी विचारलं, "सुट्टीत वसतिगृह रिकामं असतं. तेव्हा?" ती म्हणाली, "सर, विक्री दहाच महिने धरली आहे, पण भाडं आणि पगार बारा महिन्यांचे. म्हणून दहा महिन्यांत दरमहा 825 विकून भागत नाही, 989 लागतात. आज आमच्याकडे तेवढं गिऱ्हाईक नाही. दुसऱ्या वसतिगृहात पुढच्या सोमवारपासून विकून बघणार आहोत."

परीक्षकांनी पेन उचललं आणि 989 लिहून घेतलं.