बुकी, एक्स्चेंज आणि टोट: समोर कोण असतो आणि वाटा कुठून कापला जातो

प्रश्न: बुकी, बेटिंग एक्स्चेंज आणि टोट यांत नेमका फरक काय? मी जिंकलो तर पैसे कोणाच्या खिशातून येतात आणि हे तिघे कमावतात कसे? मी अगदी नवखा आहे.

उत्तर: तीन घोड्यांची एक काल्पनिक शर्यत घेऊ आणि त्यांची जिंकण्याची खरी शक्यता अनुक्रमे ५०, ३० आणि २० टक्के आहे असे धरू. कोणीही काहीच कापून घेतले नाही, तर एका रुपयामागे मुद्दलासकट मिळायला हवी अशी रक्कम, म्हणजे न्याय्य भाव, २.००, ३.३३ आणि ५.०० येतो. करांचा विचार येथे केलेला नाही.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर बुकी उभे राहतात त्या रिंगमधला परवानाधारक बुकी हे भाव देणार नाही. तो समजा १.८०, ३.०० आणि ४.५० देईल. प्रत्येक भावाने १०० ला भागून येणाऱ्या टक्केवारींची बेरीज केली की ती १०० ऐवजी सुमारे १११ भरते, आणि वरचे हे ११ म्हणजेच बुकीचे मार्जिन होय. पंटरांनी, म्हणजे पैज लावणाऱ्यांनी, तिन्ही घोड्यांवर अनुक्रमे ५,०००, ३,००० आणि २,००० रुपये लावले, तर कोणताही घोडा जिंकला तरी बुकी १०,००० गोळा करून ९,००० देतो. प्रत्यक्षात पैसा असा समतोल क्वचितच येतो. फेव्हरिटवर, म्हणजे सर्वाधिक शक्यतेच्या पहिल्या घोड्यावर, ८,०००, दुसऱ्यावर १,५०० आणि तिसऱ्यावर ५०० आले, तर फेव्हरिट जिंकल्यावर बुकीला १४,४०० द्यावे लागतात आणि ४,४०० रुपयांचा तोटा होतो. म्हणून तो फेव्हरिटचा भाव उतरवतो किंवा दुसऱ्या बुकीकडे स्वतः पैज लावून जोखीम हलकी करतो. बुकीची कमाई हिशेबाची वही जुळवण्यातून होते, असे अनेक नवख्यांना वाटते. मला ही समजूत अपुरी वाटते. या असमतोल वहीतही दुसरा घोडा जिंकल्यास त्याला ५,५०० आणि तिसरा जिंकल्यास ७,७५० रुपये सुटतात, आणि तिन्ही निकालांची त्यांच्या शक्यतेनुसार सरासरी काढली तर ती पुन्हा १,००० रुपयेच येते. मार्जिन भावातच असते. वही जुळवल्याने फक्त एका शर्यतीतला धोका कमी होतो. येथे आपल्या समोर बुकी स्वतः उभा असतो, आपली जीत त्याच्या खिशातून जाते, आणि म्हणूनच ब्रिटनमध्ये सातत्याने जिंकणाऱ्या गिऱ्हाइकांच्या पैजांवर बुकी मर्यादा घालतात.

टोटमध्ये समोर इतर पंटर असतात. सर्वांचे पैसे एका पूलमध्ये जमतात, त्यातून ठरलेला वाटा आधी कापला जातो आणि उरलेली रक्कम विजेत्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटली जाते. कपात २० टक्के धरली, तर वरच्याच असमतोल पैशांत १०,००० पैकी ८,००० उरतात. फेव्हरिट जिंकला तर रुपयाला रुपयाच परत मिळतो, मात्र तिसरा घोडा जिंकला तर रुपयाला १६ रुपये मिळतात. कोण जिंकतो याने टोट चालवणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. म्हणजे टोटची कपात तिघांत सर्वांत जड असली, तरी गर्दीने एखाद्या घोड्याकडे पाठ फिरवली असेल तर तेथे न्याय्य भावापेक्षाही जास्त मिळू शकते. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: अंतिम डिव्हिडंड, म्हणजे रुपयामागे मिळणारी रक्कम, पैसे घेणे बंद झाल्यावरच ठरतो, आणि आपली पैजसुद्धा तो खाली ओढते. त्याच तिसऱ्या घोड्यावर आपण ५०० रुपये टाकले, तर पूल १०,५०० होतो, कपातीनंतर ८,४०० उरतात, ते १,००० रुपयांच्या तिकिटांत वाटले जातात आणि १६ चे ८.४० होतात. लहान पूलमध्ये मोठी पैज लावणाऱ्याची फसगत नेमकी येथे होते.

एक्स्चेंजचे ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटनमध्ये २००० साली सुरू झालेले बेटफेअर. तेथे एक जण पैज लावतो आणि दुसरा ती खातो, म्हणजे हा घोडा जिंकणार नाही यावर पैसे ठेवतो. तिसऱ्या घोड्यावर ५.०० भावाने आपण १०० रुपये लावले, तर खाणाऱ्याला ४०० रुपये अडकवून ठेवावे लागतात; घोडा हरला तर त्याला आपले १०० मिळतात. एक्स्चेंज फक्त दोन्ही रकमा सांभाळते आणि जिंकणाऱ्याच्या निव्वळ नफ्यावर कमिशन घेते. ते ५ टक्के धरले, तर ४०० च्या नफ्यातून २० रुपये जातात, म्हणजे हातात पडणारा भाव ४.८०, बुकीच्या ४.५० पेक्षा सरस. येथला छुपा खर्च असतो तो लावण्याचा भाव आणि खाण्याचा भाव यांमधल्या अंतराचा. मोठ्या शर्यतीत ते अगदी बारीक असते. छोट्या शर्यतीत, पैसा कमी असल्यामुळे, ते रुंदावते आणि कधी कधी आपली पैज घ्यायला समोर कोणीच नसते. पैज चटकन घेतली गेली, तर ती घेणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असण्याचा संभव असतो. म्हणून पडद्यावर भाव चांगला दिसला की तो कोणी आणि का देऊ केला असेल, याचा विचार पैसे टाकण्यापूर्वी करावा.