कचरागाडीच का चुकते?

प्रश्न : बेळगावात रस्ता झाडणारी बाई रोज येते, कचरागाडी मात्र मधेच दोन दिवस गायब. कंत्राटी माणसं कामचुकार असतात का?

उत्तर : माणसांत खोट नाही, पगाराच्या वाटेत आहे. कर्नाटकात झाडणाऱ्या पौरकार्मिकांना 2017 नंतर ठेकेदाराकडून काढून थेट पालिकेच्या पगारावर घेतलं, पुढे अनेकांना कायमही केलं. गाडीचे ड्रायव्हर आणि लोडर मात्र बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराकडेच राहिले. ठेकेदाराचं बिल अडकलं की यांचा पगार अडकतो.

आमच्या गल्लीत असंच झालं. दोन महिने पगार नाही म्हणून जुना ड्रायव्हर सोडून गेला. त्याला कुठल्या बोळात गाडी शिरत नाही, कोण म्हातारी बादली खाली आणू शकत नाही, सगळं पाठ होतं. नव्या ड्रायव्हरने तीन बोळ आठवडाभर वगळले. पालिकेच्या कागदावर फेरी मात्र पूर्ण, कारण तिथे फक्त गाडी निघाल्याची नोंद होते.

म्हणून तक्रार करताना ड्रायव्हर बदललाय का आणि पगार थकलाय का, ते आधी विचारा. ठेकेदाराने पगार दिला नाही, तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने पालिकेवर येते. अर्जात हे जरूर लिहा.